दुसऱ्यांदा बिघडलेला डिस्प्ले आणि दुकानदाराला लिहायचं पत्र

"गेल्या जुलैत म्हापशातल्या एका दुकानातून मुलीसाठी ५४,९९० रुपयांचा लॅपटॉप घेतला. वॉरंटी एक वर्षाची आहे. फेब्रुवारीत स्क्रीनवर उभ्या रेषा आल्या, तेव्हा सर्व्हिस सेंटरने पॅनेल बदलून दिलं. मार्च संपता संपता परत तेच. आता पार्ट यायला तीन-चार आठवडे लागतील म्हणतात. दुकानदार म्हणतो, 'आम्ही फक्त विकतो, कंपनीशी बोला.' मला आता लॅपटॉपच बदलून हवा आहे. दुकानाला पत्र कसं लिहू?"

आधी 'रिप्लेसमेंट' या शब्दाचा गोंधळ सोडवू, कारण निम्मी पत्रं तिथेच फसतात. तुम्ही रिप्लेसमेंट म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर नवा, सीलबंद लॅपटॉप असतो. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर त्याच शब्दाचा अर्थ 'पॅनेल बदलणे' एवढाच होतो. म्हणून नुसतं 'कृपया रिप्लेसमेंट द्यावी' असं लिहिलंत, तर आणखी एक पॅनेल बसवून तुमची मागणी पूर्ण झाल्याची नोंद होईल आणि कागदोपत्री ते चूकही ठरणार नाही.

दुसरी गोष्ट कडू आहे, पण माहीत असलेली बरी. वॉरंटीच्या अटींत बहुधा असं लिहिलेलं असतं की कंपनी सदोष भाग दुरुस्त करेल किंवा बदलेल, आणि यातलं काय करायचं ते कंपनी ठरवेल. पहिल्यांदाच बिघडलेल्या, दुरुस्त होण्याजोग्या एका भागासाठी अख्खी वस्तू बदलून मागता येतेच असं नाही. एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये याच धर्तीचा निकाल दिला होता: वॉरंटी भाग बदलण्याची असेल आणि भाग बदलून दोष जात असेल, तर नवी गाडी द्यायला लावता येत नाही. फेब्रुवारीत तुम्ही नवा लॅपटॉप मागितला असतात, तर 'नाही' हे उत्तर जवळजवळ ठरलेलं होतं. आज तुमची बाजू भक्कम आहे ती 'भाग बदलूनही दोष गेला नाही' या एका वाक्यामुळे. सगळं पत्र या वाक्यावर उभं करायचं. वॉरंटी चालू आहे हा मुद्दा लागतोच, पण तो दुय्यम आहे.

(हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचा लॅपटॉप पहिल्याच आठवड्यात बिघडला असेल, तर रस्ता वेगळा आणि सोपा आहे. अनेक कंपन्यांत खरेदीनंतर थोड्या दिवसांची 'डीओए' म्हणजे 'डेड ऑन अरायव्हल', हातात येतानाच सदोष निघालेल्या नगासाठीची, मुदत असते. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून तसं प्रमाणपत्र घेतलं की दुकानातून थेट नवा नग मिळतो. ही मुदत कंपनीगणिक बदलते आणि फार लवकर संपते. तेव्हा पत्राचा मसुदा करत बसू नका, त्याच दिवशी सर्व्हिस सेंटर गाठा.)

पत्र लिहिण्याआधी अर्धा तास दोष तपासण्यात घालवा. दुरुस्ती तुम्ही करायची नाही. पण 'तुमच्याकडून दाबला गेला असेल', 'पाणी लागलं असेल' ही वाक्यं पुढे येणारच आहेत आणि त्यांना उत्तर आत्ताच तयार ठेवायचं आहे.

लॅपटॉप बंद करून चालू करा आणि बायोसच्या पडद्यात जा. त्यासाठी बहुतेक ठिकाणी एफ२, एफ१० किंवा डिलीट ही कळ असते. विंडोज सुरू होण्याआधीच्या त्या पडद्यावरही रेषा दिसत असतील, तर ड्रायव्हर किंवा अपडेटचा प्रश्नच उरत नाही. 'आधी विंडोज पुन्हा टाकून बघा' हा सल्ला तिथेच संपतो. मग एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल, तर ग्राफिक्सचा भाग ठीक आहे आणि दोष पॅनेलमध्ये किंवा पॅनेलपर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये आहे.

आता झाकण हळूहळू पुढे-मागे करा. रेषा त्याच जागी, तशाच स्थिर राहिल्या तर संशय पॅनेलवर जातो. पॅनेलच्या कडेला काचेवर चिकटवलेल्या बारीक जोडण्या सुटू लागल्या की अशा उभ्या रेषा येतात. झाकणाच्या कोनाबरोबर रेषा येत-जात असतील किंवा स्क्रीन फडफडत असेल, तर संशय बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर. तुमच्या बाबतीत हा फरक फार मोलाचा आहे. नवं पॅनेल दीड महिन्यात त्याच पद्धतीने गेलं असेल, तर मुळात दोष केबलचा किंवा बिजागरीचा असण्याची आणि तो फेब्रुवारीत शोधलाच गेला नसण्याची शक्यता बरीच आहे. पत्रात निदान करायला जाऊ नका, ते तुमचं काम नाही. मात्र 'कारण शोधले का?' हा प्रश्न लेखी विचारा.

या सगळ्याचा मोबाइलवर एकच सलग व्हिडिओ घ्या. आधी लॅपटॉपच्या पाठीवरचा सिरियल नंबर, मग न थांबवता बायोसमधल्या रेषा, मग टीव्हीवरचं स्वच्छ चित्र आणि शेवटी स्क्रीनचे चारी कोपरे जवळून. तुकडे जोडलेल्या व्हिडिओवर 'हा तोच नग कशावरून?' असं विचारता येतं. पाठीवरचा स्टिकर पुसट झाला असेल, तर टीव्हीवर पाहत पॉवरशेलमध्ये ही ओळ टाका, तोच नंबर दिसेल:

```
(Get-CimInstance Win32_BIOS).SerialNumber
```

चारी कोपरे दाखवायचं कारण असं. दाबामुळे फुटलेल्या पॅनेलची खूण वेगळी असते. एका बिंदूतून निघालेल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसतात, नाहीतर शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरतो. कीबोर्डवर पेन किंवा इअरफोन राहिला आणि झाकण मिटलं, की हमखास असं होतं. अशी खूण तुमच्या स्क्रीनवर असेल तर हे पत्र पाठवू नका. ते ग्राहकाकडून झालेलं नुकसान धरलं जातं आणि तिथे वॉरंटी लागत नाही. खूण नसेल, तर ती नाही हे व्हिडिओत दिसलं पाहिजे.

पाण्याचा मुद्दा आपल्याकडे जरा जास्तच ऐकू येतो, कारण 'गोव्यात दमट हवा आहे, आतून गंजलं असणार' हे वाक्य बसल्याजागी टाकता येतं. त्यावर वाद घालू नका. गंज नेमका कुठे आहे त्याचा फोटो आणि तसा लेखी शेरा जॉब शीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या तक्रार-नोंदीच्या कागदावर, मागा. पाणी सांडलं असेल तर एका ठिकाणी डाग, पांढरी-हिरवी पूड किंवा रंग बदललेला ओलावा-दर्शक स्टिकर सापडतो. दाखवायला काहीच नसेल, तर शेरा बहुधा लिहिला जात नाही.

जॉब शीट हाच तुमचा खरा पुरावा. दोन्ही वेळच्या जॉब शीट काढा आणि त्यांतली तीन ठिकाणं वाचा. पहिलं म्हणजे तक्रारीचं वर्णन. दोन्हीवर 'डिस्प्लेवर उभ्या रेषा' असंच असेल तर उत्तम. एकावर 'डिस्प्ले इश्यू' आणि दुसऱ्यावर 'जनरल चेकअप' असेल, तर दोष तोच परत आला हे सिद्ध करणं जड जातं, म्हणून दुसरीवरचं वर्णन सुधारून घ्या. दुसरं म्हणजे लॅपटॉप घेताना लिहिलेली बाह्य स्थिती. तिथे सवयीने 'ओरखडे, बिजागरी सैल' असं लिहितात, आपण न वाचता सही करतो आणि पुढे तेच आपल्यावर येतं. तिसरं म्हणजे काय बदललं त्याची नोंद. 'पॅनेल बदलले' असं शब्दांत आणि तारखेसह हवं. फेब्रुवारीची जॉब शीट हरवली असेल तर सिरियल नंबरवरून सर्व्हिस सेंटर तिची प्रत काढू शकतं. ईमेल करून मागा, म्हणजे मागितल्याचीही नोंद राहते.

मग दुकानदार का? 'आम्ही फक्त विकतो' हे त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. वॉरंटी कंपनीने दिली, पण पैसे त्याने घेतले आणि बिल त्याच्या नावाचं आहे, म्हणजे विक्रीचा करार तुमच्यात आणि त्याच्यात झाला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या कलम २(४७) मध्ये आहे. सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे परत करायला नकार देणं ही त्यांतलीच एक प्रथा. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत हे करायचं असतं. म्हणून बिल उलटून बघा. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा शिक्का सदोष मालाच्या बाबतीत दुकानदाराची ढाल होऊ शकत नाही. पण या कलमावर सगळा भार टाकू नका. लॅपटॉप सात महिने नीट चालला, पैसे आता कसले, असा प्रतिवाद होणार. ते कलम पत्रात एका ओळीत यावं, मुख्य भार दुरुस्ती फसल्यावरच ठेवा.

तेच बिल एकदा समोरूनही बघा. त्यावर दुकानाचा जीएसटी क्रमांक हवा. तो ३० या आकड्यांनी सुरू होत असेल तर नोंदणी गोव्याची. २७ असेल तर महाराष्ट्राची आणि २९ असेल तर कर्नाटकाची, म्हणजे विक्रेता कागदावर दुसराच कोणी असू शकतो आणि पत्र त्या नावाने जायला हवं. खरेदीदार म्हणून तुमचं किंवा मुलीचं नाव आहे का तेही बघा. करात सवलत मिळावी म्हणून बिल स्वतःच्या फर्मच्या नावाने केलं असेल, तर 'ही खरेदी व्यापारासाठी, तुम्ही ग्राहकच नाही' हा आक्षेप येऊ शकतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी केलेल्या स्वयंरोजगाराला कायद्यात सूट आहे, पण ते दाखवून देण्याचं एक काम वाढतं.

आता मागणी. फक्त 'नवा लॅपटॉप द्या' एवढंच मागू नका, मागणी पायरीने ठेवा. पहिली पायरी त्याच मॉडेलचा नवा नग. ते मॉडेल बंद झालं असेल तर त्याच्या तोडीचं किंवा वरचं, जादा पैसे न घेता. दुसरी पायरी ठरलेल्या दिवसांत ते जमत नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत. आणि यांच्या जोडीला एक वाक्य हवंच: दरम्यान दुरुस्ती करून घेतली, तरी मी ही मागणी सोडली असं होत नाही. या वाक्याला कारण आहे. पार्ट अचानक लवकर आला आणि तुम्ही हट्टाने तो बसवू दिला नाहीत, तर पुढे ग्राहक आयोगासमोर 'यांनीच दुरुस्ती नाकारली' असं चित्र उभं राहतं. दुरुस्ती नाकारायची नाही, तिच्यावर समाधानही मानायचं नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवून लिहा. पत्रावर नाव दुकानदाराचं असलं तरी ते खरं वाचणार आहे कंपनीचा विभागीय सर्व्हिस मॅनेजर. दुकानदार स्वतःच्या गल्ल्यातून नवा लॅपटॉप क्वचितच देतो. तो पत्राचा फोटो वितरकाला किंवा कंपनीच्या माणसाला पाठवतो आणि मंजुरी तिथून येते. त्या माणसाला तुमची हकिगत नको असते. सिरियल नंबर, दोन जॉब शीट क्रमांक आणि दुरुस्तीनंतर किती दिवसांत दोष परत आला हे सगळं त्याला पहिल्या पाच ओळींत दिसलं पाहिजे. म्हणून पत्र एका पानात बसवा.

खालच्या नमुन्यातल्या तारखा मी तुमच्या हकिगतीच्या अंदाजाने घातल्या आहेत. तुमच्या बिलावरच्या आणि जॉब शीटवरच्या तारखा घाला, आणि त्या बदलल्या की दिवसही नव्याने मोजा.

---

दिनांक: ६ एप्रिल २०२६

प्रति,
व्यवस्थापक / मालक,
(दुकानाचे बिलावरील पूर्ण नाव व पत्ता), म्हापसा, गोवा

प्रत: ग्राहक तक्रार विभाग, (उत्पादक कंपनीचे वॉरंटी कार्डावरील नाव व पत्ता)

विषय: वॉरंटी काळात डिस्प्ले दुसऱ्यांदा बिघडल्यामुळे संपूर्ण लॅपटॉप बदलून मिळण्याबाबत

संदर्भ: बिल क्र. ____, दि. १२ जुलै २०२५, रक्कम रु. ५४,९९०, मॉडेल ____, सिरियल क्र. ____, जॉब शीट क्र. ____ (३ फेब्रुवारी २०२६) व ____ (३१ मार्च २०२६)

महोदय,

वरील लॅपटॉप मी आपल्या दुकानातून विकत घेतला. त्याची एक वर्षाची वॉरंटी ११ जुलै २०२६ पर्यंत आहे.

दि. ३ फेब्रुवारी २०२६ रोजी डिस्प्लेवर उभ्या रेषा आल्याने तो अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जमा केला. दि. १६ फेब्रुवारी रोजी पॅनेल बदलून तो परत मिळाला. त्यानंतर ४२ दिवसांनी, दि. ३० मार्च रोजी, तोच दोष पुन्हा उद्भवला. दि. ३१ मार्चच्या जॉब शीटवर त्याची नोंद असून, पार्ट उपलब्ध होण्यास तीन ते चार आठवडे लागतील असे मला सांगण्यात आले आहे.

रेषा विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या पडद्यावरही दिसतात आणि बाहेरील टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसते. स्क्रीनवर भेग, दाब किंवा ओलाव्याची खूण नाही. याचा व्हिडिओ माझ्याकडे आहे.

भाग बदलूनही दोष दूर झालेला नाही. पहिल्या दुरुस्तीच्या वेळी दोषाचे मूळ कारण शोधले होते काय, हे मला लेखी कळवावे.

माझी मागणी अशी:

१. त्याच मॉडेलचा, ते उपलब्ध नसल्यास समान किंवा वरच्या क्षमतेचा, नवा व सीलबंद लॅपटॉप जादा रक्कम न आकारता द्यावा. फक्त पॅनेल बदलणे म्हणजे या मागणीची पूर्तता नव्हे.

२. हे शक्य नसल्यास बिलाची पूर्ण रक्कम रु. ५४,९९० परत करावी.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत यांपैकी एक पूर्तता करावी, किंवा नकार असल्यास कारणासह लेखी कळवावे. दरम्यान लॅपटॉपची दुरुस्ती झाली तरी माझी ही मागणी व कायदेशीर हक्क कायम राहतील.

सदोष माल परत घेण्यास व पैसे परत करण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. मुदतीत उत्तर न आल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

आपला/आपली,
(सही, नाव, पत्ता, मोबाइल)

सोबत: बिलाची प्रत, वॉरंटी कार्डाची प्रत, दोन्ही जॉब शीटच्या प्रती, स्क्रीनची दोन छायाचित्रे

---

यात काय नाही तेही बघा. मुलीची परीक्षा नाही, 'तुमच्यावर विश्वास ठेवून' नाही, मानसिक त्रासाचे दोन लाख नाहीत. त्रासाची भरपाई आयोगापुढे मागता येते, पण या पत्रात मोठा आकडा घातला की समोरचा माणूस पत्र तडजोडीच्या फाईलमधून काढून वकिलाच्या फाईलमध्ये टाकतो. आणि 'आमच्याकडून काही झालं असल्यास माफी असावी' असलं नम्र वाक्य तर अजिबात नको. आपल्याकडे ते सौजन्य म्हणून लिहिलं जातं, पण फाईलमध्ये ते कबुलीसारखं वाचलं जातं.

भाषेचं म्हणाल तर मराठी पत्र पूर्ण चालतं आणि म्हापशाचा दुकानदार ते सरळ वाचेल. पण प्रत ज्या कंपनीला जाणार तिचा माणूस बंगळूरला किंवा चेन्नईला बसलेला असू शकतो. म्हणून त्याच पत्राचा इंग्रजी मजकूर ईमेलने कंपनीच्या तक्रार विभागाला पाठवा. दोन्ही मजकुरांत तारखा आणि क्रमांक तंतोतंत सारखे ठेवा, एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी वाद त्याच्यावरच रंगतो.

पत्र पोचवायचं दोन प्रकारांनी. एक, स्वतः नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि दुकानाचा शिक्का घ्या. शुक्रवारी नेऊ नका, बाजाराच्या दिवशी म्हापशात कोणाला मान वर करायला फुरसत नसते आणि 'ठेवून जा' असं उत्तर मिळतं. शिक्का द्यायला नकार दिला तर हुज्जत घालू नका. दोन, तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचल्याच्या नोंदीची छापील प्रत काढून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायला हरकत नाही, पण फक्त त्यावर थांबू नका. पंधरा दिवस मोजायचे ते पत्र पोचल्याच्या तारखेपासून.

त्या पंधरा दिवसांत दुकानातून बहुधा फोन येतो, आणि फोनवर मिळणारे प्रस्ताव साधारण तीन असतात. पहिला असा: 'नवा देतो, पण आठ महिने वापरलात त्याचा घसारा भरा.' हे मान्य करायचं की नाही हे तुमच्या गरजेवर आहे. दोन-तीन हजारांत प्रकरण मिटून मुलीच्या हातात लॅपटॉप येत असेल, तर मी ते मूर्खपणाचं मानणार नाही. पण १५-२० हजार मागत असतील तर नाही म्हणा, कारण दोष वापरामुळे आलेला नाही. दुसरा: 'त्यापेक्षा वरचं मॉडेल घ्या, फरक भरा.' फरक कोणत्या किमतीतून काढतात ते विचारा. तुमच्या बिलाची पूर्ण रक्कम वजा केली पाहिजे. आजची जुन्या लॅपटॉपची किंमत वजा केली तर ती अदलाबदल झाली, बदली नव्हे. तिसरा प्रस्ताव आकर्षक वाटतो: 'कंपनी बदलून देते आहे.' तेव्हा नग नवा की रिफर्बिश्ड एवढंच विचारा. पुष्कळ वॉरंटींमध्ये दुरुस्त करून नव्यासारखा केलेला भाग किंवा नग देण्याची मुभा कंपनीने स्वतःकडे ठेवलेली असते. म्हणूनच पत्रात 'नवा व सीलबंद' हे शब्द घातले आहेत. रिफर्बिश्ड घ्यायचाच झाला, तर त्यावरची वॉरंटी लेखी वाढवून घ्या.

फोनवर काहीही ठरलं तरी त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल टाका: 'आज आपण अमुक देण्याचे मान्य केले, अमुक तारखेपर्यंत.' त्यावर समोरून हरकत आली नाही, तर तो मजकूर पुढे उपयोगी पडतो.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. ते आदेश देऊ शकत नाहीत, पण तक्रार कंपनीच्या वरच्या स्तरावर पोचवतात आणि दुकानात अडलेलं काम कधीकधी तिथे सुटतं. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. बार्देशातले असल्याने तुमच्यासाठी पर्वरीचा उत्तर गोवा आयोग, दक्षिणेतल्यांसाठी मडगावचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि दोष उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. तक्रारीत दुकान आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा. एकालाच केलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि दुसरा समोर नसतो. आयोगाला मालाची प्रयोगशाळेत तपासणी करवून घेण्याचा अधिकार आहे, म्हणून बिघडलेला लॅपटॉप वैतागून बाहेरच्या दुरुस्तीवाल्याकडे उघडायला देऊ नका. एकदा अनधिकृत हाताने तो उघडला गेला, की वॉरंटीही जाते आणि पुरावाही.

वॉरंटीची तारीख मध्येच संपली तर? दोष मुदतीत उद्भवून जॉब शीटवर नोंदला गेला असेल, तर पुढे होणारा उशीर तुमच्या अंगावर येत नाही. म्हणूनच फोनवरची तक्रार पुरेशी नाही, ११ जुलैच्या आत जॉब शीट तयार झालेली हवी. सुटे भाग 'येतायत, येतायत' करत जून उजाडतो, मग पाऊस, मग चवथ, आणि मुदत केव्हाच निघून गेलेली असते.

लॅपटॉप ताब्यात देण्याआधी टीव्ही जोडून सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा. टीव्हीवर चित्र आलं नाही तर विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा. डिस्क एनक्रिप्ट असेल तर रिकव्हरी की aka.ms/myrecoverykey इथून उतरवून घ्या, आणि शेवटी मुलीचं खातं त्या मशीनवरून काढून टाका. बदली नग हातात येईल तेव्हा खोक्यावरचा आणि लॅपटॉपच्या पाठीवरचा सिरियल नंबर जुळवून बघा, दुकानातच चालू करा आणि झाकण चार-पाच वेळा उघडून-मिटून स्क्रीन पाहा. जुन्या बिलावर दुकानदाराकडून 'सिरियल क्र. अमुकऐवजी तमुक दिला' असं लिहून, सही-शिक्का आणि तारीख घ्या, नाहीतर नव्या मशीनला बिलच नसल्यासारखं होतं. कंपनीच्या संकेतस्थळावर तो नवा नंबर टाकून वॉरंटी कधीपर्यंत दाखवते तेही तिथेच उभ्याउभ्या बघा. पोचपावतीवर 'तक्रार पूर्ण निवारली' असं छापलेलं असेल, तर सही हे सगळं झाल्यावर करा.